अँटिबायोटिक ‘गरम पडलं’ म्हणजे आतड्यात नेमकं काय झालं?

प्रश्न: आईची (वय ५४) दाढ सुजली म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ६२५ ची गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस लिहून दिली. तिसऱ्या दिवसापासून चार-पाच वेळा पाण्यासारखं होतंय. मेडिकलवाले म्हणतात औषध गरम पडलं, आणि जुलाबाची वेगळी गोळी देतायत. अँटिबायोटिकने पोट असं का बिघडतं, आणि कोर्स अर्धवट सोडला तर चालेल का? आम्ही चोपड्याला असतो.

उत्तर:

नमस्कार. आधी आजच्या दिवसापुरतं सांगतो, कारण तुम्ही हे वाचत असताना आईंचा त्रास चालूच असणार. ती जुलाबाची वेगळी गोळी आज देऊ नका. कोर्सही आपल्या मनाने बंद करू नका; दातांच्या डॉक्टरांना फोन करा, त्यांना काय विचारायचं ते पुढे लिहिलं आहे. आणि आईंना तीन गोष्टी विचारा. शौचात रक्त किंवा आव पडते का? ताप आहे का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, प्यायलेलं पाणी पोटात टिकत असेल आणि लघवी नेहमीसारखी होत असेल, तर घरी सांभाळता येईल. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तर बाकीचं नंतर वाचा, आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.

मी जळगाव जिल्ह्यात तेवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. ‘गोळी गरम पडली’ हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो, आणि ते म्हणणारा माणूस चुकीचं पाहत नाही. गोळी सुरू झाली आणि पोट बिघडलं, हा संबंध त्याने बरोबर ओळखलेला असतो. अडचण पुढे होते. गरम म्हटलं की घरातले थंड द्यायला लागतात: उसाचा रस, सरबत, खडीसाखर घातलेलं दूध. नेमक्या याच गोष्टी या जुलाबात पाणी वाढवतात. का ते कळायला मोठ्या आतड्याचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

आपण खातो-पितो ते आणि पचनाचे रस मिळून बरंच पाणी लहान आतड्यात येतं. त्यातलं बहुतेक तिथेच शोषलं जातं आणि साधारण दीड लिटर रोज मोठ्या आतड्यात उतरतं. शौचातून मात्र जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. म्हणजे सव्वा लिटरच्या वर पाणी मोठं आतडं रोज परत रक्तात ओढून घेतं. हे काम ते एकट्याच्या बळावर करत नाही. आपल्या ज्वारीच्या भाकरीतला, डाळीतला, वांग्यातला जो चोथा आणि जो स्टार्च आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. विरजण दुधातली साखर खाऊन आंबट करतं ना, तसंच. त्यातून ब्युटिरिक, ॲसेटिक, प्रोपिओनिक अशी आम्लं तयार होतात. आतड्याचं अस्तर ही आम्लं आत घेतं, त्यांच्यासोबत मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी जातं. शिवाय अस्तराच्या पेशींना लागणारी बहुतांश ऊर्जा या ब्युटिरिक आम्लातूनच मिळते. म्हणजे जंतू पेशींना खाऊ घालतात आणि पेशी आपलं पाणी वाचवतात.

आता अँटिबायोटिक आलं. ते दाढेतल्या पुवाच्या जंतूंसाठी दिलेलं असलं तरी त्याला दाढ आणि आतडं वेगळं कळत नाही. आंबवणारे जंतू घटले की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. जो चोथा आणि साखर आंबायची, ती तशीच पडून राहते आणि स्वतःभोवती पाणी धरून ठेवते. आणि आम्लं कमी झाल्यामुळे मीठ-पाणी ओढून घेण्याचं अस्तराचं कामही मंदावतं. एकीकडे पाणी अडून राहिलं, दुसरीकडे शोषण सुस्त झालं. सव्वा लिटरमधलं अर्धा लिटर जरी शोषायचं राहिलं, तरी दिवसाला चार-पाच पातळ जुलाब होतात. जंतूंची संख्या खाली यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून तुमच्या आईंसारखी बहुतेकांची तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते.

रात्रीचा प्रश्न मी विचारतो तो यामुळेच. हा जुलाब न आंबलेल्या अन्नाने धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो, त्यामुळे खाणं कमी झालं की तोही कमी होतो. रात्री पोट रिकामं असतं, म्हणून माणूस सहसा शांत झोपतो आणि सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर पुन्हा धावपळ सुरू होते. आतड्याला सूज आली असेल किंवा एखादं विष अस्तर पोखरत असेल, तर ते जेवणाची वाट पाहत नाही. रात्री दोनलाही उठवतं. हा फरक शंभर टक्के खात्रीचा नाही, पण घरी बसून करता येण्यासारखी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

सगळी अँटिबायोटिक्स पोटाला सारखीच नसतात. औषधानुसार शंभरातल्या पाच जणांपासून पस्तीस जणांपर्यंत जुलाब होतात, असे आकडे दिले जातात, आणि ६२५ ही गोळी त्यात वरच्या बाजूला बसते. त्याचं कारण तिच्या नावातच आहे. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. मोठ्या आतड्यातले बहुतेक जंतू हवेशिवाय जगणारे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांकडे अमॉक्सिसिलिन तोडून टाकणारं रसायन असतं. नुसतं अमॉक्सिसिलिन दिलं तर ते बरेचसे वाचतात. क्लॅव्हुलॅनिक आम्ल त्यांचं हे हत्यारच निकामी करतं. दाढेसाठी ते उपयोगाचं असतं, कारण तिथेही तसले चिवट जंतू असतात. पण आतड्यात आंबवणारी मंडळीही त्यामुळे मारली जातात. शिवाय क्लॅव्हुलॅनिक आम्ल लहान आतड्याची हालचालही वाढवतं. पहिल्याच गोळीनंतर दोन-तीन तासांत ज्यांना कळ येऊन जावं लागतं, त्यांच्यात जंतू मरायला अजून वेळच मिळालेला नसतो. तो या हालचालीचा परिणाम असतो. म्हणून ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. जेवून तासाभराने नाही आणि उपाशीपोटी तर नाहीच.

इथे एक चूक होते, ती सांगायला हवी. दुकानात ६२५ संपली म्हणून कुणी ३७५ च्या दोन गोळ्या एकदम घेतो. पण ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० असलं तरी क्लॅव्हुलॅनिक आम्ल १२५ च असतं. दोन घेतल्या की ते २५० होतं, म्हणजे पोट बिघडवणारा भाग दुप्पट. आईंच्या स्ट्रिपवर नेमकं काय छापलं आहे, ते एकदा पाहून घ्या.

‘गोळीने त्रास होतो तर इंजेक्शन द्या, पोट तरी वाचेल’ असंही पुष्कळ जण म्हणतात. ते काही इंजेक्शनांबाबत खरं आहे, सगळ्यांबाबत नाही. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून गेलं तरी त्याचा मोठा भाग यकृतातून पित्तात आणि पित्तातून थेट आतड्यात उतरतो. इंजेक्शन दंडात किंवा शिरेत बसलं तरी आतड्यातल्या जंतूंची त्याच्याशी गाठ पडतेच.

आता एक रुग्ण सविस्तर सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. गेल्या हिवाळ्यात अमळनेरकडचे एक शेतकरी आले, वय अठ्ठावन्न. कापूस वेचणी संपल्यावर शेतात कपाशीचा खुंट पायात घुसला, पाऊल सुजून लाल झालं. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ६२५ दिवसातून तीनदा, सात दिवस दिली होती. तो निर्णय योग्यच होता. चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “गोया गरम पडन्यात मले.” दिवसातून सात-आठ जुलाब, पोटात गुडगुड, ताप नाही, रक्त नाही. रात्री मात्र आदल्या दिवसापासून एकदा उठावं लागत होतं, म्हणून मी जरा जास्त खोलात गेलो.

खिशातून त्यांनी दोन स्ट्रिप काढल्या. एक ६२५ ची. दुसरी ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल यांच्या जोडगोळीची, जी आपल्याकडे कुठल्याही मेडिकलवर ‘जुलाबाची गोळी’ म्हणून मिळते. दुसऱ्या दिवशी तीन जुलाब झाले म्हणून त्यांनी ती सुरू केली होती, आणि तीनाचे आठ त्यानंतर झाले. यात नवल काहीच नाही. ऑफ्लॉक्सॅसिन हे स्वतः एक अँटिबायोटिक आहे. आणि ऑर्निडॅझोल तर हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंनाच मारण्यासाठी बनवलेलं आहे. ६२५ च्या माऱ्यातून आंबवणारे जे काही जंतू शिल्लक राहिले होते, त्यांच्यावर ते जाऊन पडलं. जुलाब अँटिबायोटिकमुळे, आणि त्यावर इलाज म्हणून आणखी दोन अँटिबायोटिक्स. मेडिकलवाल्यांनी तुमच्या आईंना देऊ केलेली गोळी हीच असेल असं मी म्हणत नाही, पण स्ट्रिपच्या मागे ‘ऑफ्लॉक्सॅसिन’, ‘नॉरफ्लॉक्सॅसिन’, ‘ऑर्निडॅझोल’, ‘टिनिडॅझोल’ यांपैकी कोणतंही नाव असेल, तर ती घेऊ नका.

मग मी त्यांना जेवण विचारलं. डिसेंबर महिना, घरोघरी भरीत. दोन्ही वेळा कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं बियांसकट भरीत. एरवी मी हे जेवण आनंदाने सांगेन, कारण आतड्यातल्या जंतूंना याहून चांगला खुराक नाही. पण त्या आठवड्यात तो खुराक खाणारेच आत उरले नव्हते. ताटभर चोथा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात जाऊन पाणी धरून बसत होता. त्यात अशक्तपणा आला म्हणून घरच्यांनी रोज दोन पेले म्हशीचं दूध सुरू केलं होतं. दुधातली साखर आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांना पूर्ण पचत नाही. एरवी ते जाणवत नाही, कारण उरलेली साखर मोठ्या आतड्यातले जंतू संपवतात. ते नसताना तीच साखर जुलाब बनून बाहेर येते. “पन दूध तं मी जल्मभर पेस,” असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. दूध तेच होतं, आतली माणसं बदलली होती.

पाऊल पाहिलं. लाली निम्म्यावर आली होती, पण अजून होती, त्यामुळे मूळ कोर्स थांबवण्यासारखा नव्हता. मी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल त्याच क्षणी बंद केलं. ६२५ चालू ठेवली, पण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. भरीत, भाकरी, दूध, उसाचा रस बंद. त्याऐवजी मऊ भात, सालं काढलेल्या मुगाची खिचडी, ताजं गोडसर दही आणि पिकलेलं केळं. प्रत्येक जुलाबानंतर साधारण एक पेला ओआरएस. रक्तदाब ठीक होता, जीभ थोडी कोरडी होती, लघवी होत होती, म्हणून सलाईन लावलं नाही. दोन दिवसांनी फोन आला: जुलाब तीनवर, रात्रीचं उठणं बंद. गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी शौच बांधून झालं. रात्रीचं उठणं थांबलं नसतं, तर मी शौचाची तपासणी करायला पाठवली असती. ती कशासाठी, ते आता सांगतो.

आतापर्यंत सांगितला तो साधा प्रकार. जंतू घटले, पाणी अडलं, एवढाच. दुसरा प्रकार वेगळा आहे आणि आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तो चटकन समजतो. कपाशीवर बोंडअळीसाठी जहाल फवारणी एकामागून एक केली, की अळीबरोबर ढालकिडे आणि इतर मित्रकिडीही मरतात, आणि मग पांढरी माशी उसळते. ती आधीपासून शेतात होतीच, तिला खाणारे होते म्हणून दबून होती. आतड्यातली ती पांढरी माशी म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू. हल्ली त्याच्या नावाचा पहिला भाग क्लॉस्ट्रिडिओइड्स असा लिहितात. तो १९३५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शौचात प्रथम सापडला, आणि प्रयोगशाळेत वाढवायला अवघड म्हणून नाव ‘डिफिसिल’ पडलं. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या गंभीर आतड्याच्या सुजेशी त्याचा संबंध कळायला १९७८ साल उजाडलं.

हा जंतू बीजाणूच्या रूपात, म्हणजे टणक कवचात झोपलेला, पोटात शिरतो. अँटिबायोटिकने कवचातल्या बीजाणूला काही होत नाही. पित्तातले काही क्षार त्याला जागं करतात. एरवी आपले नेहमीचे जंतू त्या क्षारांचं रूप असं बदलतात, की जागा झालेला जंतूही वाढू शकत नाही. हे राखणदार मेले की त्याला अडवणारं कुणी राहत नाही. तो वाढतो, दोन विषं सोडतो आणि ती विषं अस्तराला जखमी करतात. म्हणून इथे ताप येतो, पोट दाबलं की दुखतं, रात्रीही सुटका नसते, रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढतात.

अँटिबायोटिकच्या जुलाबांपैकी हा प्रकार थोडाच, दहात एखाद-दुसरा. पण तो कुणात शोधायचा हे माहीत हवं. वय पासष्टच्या पुढे, नुकतंच रुग्णालयात राहून आलेले, क्लिंडामायसिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं घेतलेले, किंवा महिनोन्‌महिने रोज सकाळी ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल घेणारे. आणि वेळेची एक खोच आहे: हा जुलाब कोर्स संपल्यानंतरही, अगदी दोन-तीन महिन्यांनीसुद्धा सुरू होऊ शकतो. तेव्हा घरच्यांना त्या जुन्या गोळ्या आठवतही नसतात. म्हणून जुलाबासाठी डॉक्टरांकडे जाताना गेल्या तीन महिन्यांतले सगळे कागद आणि रिकाम्या स्ट्रिपसुद्धा घेऊन जा. माझ्याकडे एका आजींना आणलं, तेव्हा आधीच्या गोळ्या मोतीबिंदूच्या होत्या की पायाच्या, याचाच घरच्यांना घोळ होता; शेवटी पिशवीच्या तळाशी दीड महिन्यापूर्वीच्या क्लिंडामायसिनची पट्टी सापडली आणि निदानाची दिशाच बदलली.

यासाठी शौचात त्या जंतूची आणि त्याच्या विषाची तपासणी होते. तालुक्याच्या लॅबमध्ये ती सहसा होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. नमुना पातळ जुलाबाचाच हवा. बांधून झालेल्या शौचाची तपासणी करू नये, कारण काही निरोगी माणसांच्या पोटातही हा जंतू शांतपणे असतो आणि मग विनाकारण उपचार होतो. निदान पक्कं झालं तर व्हॅन्कोमायसिन तोंडाने देतात. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या आत पोचतच नाही, म्हणून गोळी मिळाली नाही तर इंजेक्शनची कुपीच पाण्यात विरघळवून पाजतात. तसं करताना पाहिलं तर दचकू नका. अशा घरात हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत.

जुलाब दाबणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळीबद्दलही सांगतो, कारण ती लगेच गुण देते म्हणून लोकांना आवडते. ती आतड्याची हालचाल थांबवते. साध्या प्रकारात, प्रवासापुरती एखादी घेतली तर मोठा बिघाड होत नाही. पण विषाच्या प्रकारात तेच विष आत कोंडलं जातं, आतडं फुगू शकतं आणि गोष्ट जिवावर बेतू शकते. रक्त, ताप किंवा फुगलेलं पोट असताना ती अजिबात नको. आणि दोन्ही प्रकारांतला फरक घरी खात्रीने करता येत नाही, म्हणून मी ती फोनवर कुणालाही सांगत नाही.

दही-ताक आणि प्रोबायोटिक कॅप्सूल यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न मागोमाग येतोच. घरचं ताजं दही जरूर द्या. त्यातल्या जंतूंनी दुधातली साखर बरीचशी आधीच खाल्लेली असते, म्हणून दूध सोसत नाही तेव्हाही ते सोसतं. पण दह्यातले जंतू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात. कॅप्सूलमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा, आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या जंतूचा थोडाफार फायदा दिसतो, तोही अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून घेतलं तर. यीस्ट ही बुरशीची जात, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, आणि म्हणून मी निवडायचंच झालं तर तिला आधी निवडतो. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या किंवा शिरेत कायमची नळी असलेल्या माणसाला मात्र ती देत नाही, कारण ती रक्तात जाण्याचा धोका असतो. दुसरी बाजूही आहे: २०१८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात डोकावून पाहिलं, तेव्हा त्यांचे मूळ जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला होता. अभ्यास छोटा होता, पण त्यानंतर जुलाब थांबल्यावर महिनाभर कॅप्सूल लिहून देणं मी सोडलं.

आता पुन्हा तुमच्या आईंकडे. कोर्स अर्धवट सोडायचा का, हे दाढेवर अवलंबून आहे, पोटावर नाही. दातांच्या डॉक्टरांना फोनवर हे सांगा: सूज किती उतरली, तोंड पूर्ण उघडतं का, ताप आहे का, आणि दाढ काढली आहे की पू बाहेर काढला आहे की नुसत्या गोळ्यांवर ठेवलं आहे. दाताच्या दुखण्यात पू काढणं किंवा दाढेचा इलाज करणं हाच खरा उपचार असतो, गोळी त्याला मदत करते. मूळ काढलेलं असेल आणि सूज गेली असेल, तर तीन दिवसांच्या गोळ्यांनंतर पुन्हा पाहून ‘एवढ्या गोळ्या पुरेत’ असं ते म्हणू शकतात, किंवा क्लॅव्हुलॅनिक आम्ल नसलेलं साधं अमॉक्सिसिलिन देऊ शकतात. सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, तर जुलाब सोसूनही अँटिबायोटिक लागेल. हा निर्णय तोंडात पाहिलेल्या माणसाचाच आहे, मी इथून देऊ शकत नाही.

आईंना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिनने स्वतःनेच पोट पातळ होतं. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तशाच चालू ठेवल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्या एक-दोन दिवस थांबवायच्या का, हे त्यांनाच विचारा.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. लहान पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, त्यामुळे वर छापलेलं वाचून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डब्यात मिळणारी गोड फळांची पेयं ओआरएस नाहीत. त्यांतली जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते, उसाच्या रसासारखीच. तयार केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.

गोळ्या थांबल्यावर बहुतेकांचं पोट आठवड्याभरात जागेवर येतं. जंतूंची वस्ती पुन्हा उभी राहायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. शौच सलग दोन दिवस बांधून झालं की आधी पाव भाकरी, मग अर्धी, असं चार-पाच दिवसांत नेहमीच्या जेवणावर या. तेव्हा भाकरी टाळत राहू नका. परत येणाऱ्या जंतूंना खायला तीच लागते. दूध सगळ्यात शेवटी सुरू करा, आधी अर्धा पेला. गोळ्या संपून आठवडा झाला तरी दिवसाला तीनच्या वर पातळ होत असेल, किंवा बरं होऊन पुन्हा सुरू झालं, तर शौचाची तपासणी करून घ्या आणि या ६२५ ची रिकामी स्ट्रिप सोबत न्या.